ऐरोलीतलं इलेक्ट्रिकलचं दुकान: कंपोझिशन घ्यावं की रेग्युलर जीएसटी?

प्रश्न: ऐरोलीत भाड्याच्या गाळ्यात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. आजवर जीएसटी नव्हता, यंदा विक्री ४० लाखांच्या पुढे जाणार. सीए म्हणतात कंपोझिशन घ्या, एक टक्क्यात सुटाल. लोहार चाळीतले शेठ म्हणतात रेग्युलरच घे. रबाळ्याच्या दोन-तीन कंपन्या जीएसटी बिल मागतात. काय करू?

उत्तर: तुमचे सीएही चुकीचं सांगत नाहीत आणि शेठही. सीएंच्या डोळ्यासमोर तुमचं काउंटर आहे आणि शेठच्या डोळ्यासमोर रबाळ्याच्या कंपन्या. तुमच्या विक्रीत या दोघांचा वाटा किती, त्यावर सगळं ठरतं. मी ठाण्यात व्हॅटच्या काळापासून हेच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांपैकी बहुतेकांनी ‘एक टक्का विरुद्ध अठरा टक्के’ अशी तुलना मनात करून आधीच ठरवलेलं असतं. ही तुलनाच चुकीची आहे. कंपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाला कर न लावता पूर्ण विक्रीवर एक टक्का स्वतः भरायचा. रेग्युलरमध्ये विक्रीवर घेतलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करून उरलेला भरायचा, आणि या वजावटीलाच क्रेडिट म्हणतात.

त्याआधी एक विचारतो, कारण तुमच्या प्रश्नात ते आलेलं नाही. पंखा किंवा गीझर विकल्यावर बसवून देण्याची मजुरी तुम्ही तुमच्या बिलात लावता का? ४० लाखांची मर्यादा आहे ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी. बिलात सेवा आली की महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा २० लाखांवर येते आणि त्यात मालाची विक्रीही मोजली जाते. म्हणजे मजुरी तुमच्या नावावर जमा होत असेल तर तुमची नोंदणी कदाचित मागेच व्हायला हवी होती. वायरमन त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून परस्पर घेत असेल तर काही अडचण नाही. पण तुम्ही घेत असाल तर कंपोझिशनचा विचार नंतर करा, आधी हा मागचा हिशेब सीएंसमोर मांडा.

ते बाजूला ठेवून आकड्यांकडे येतो. तुमचं वायर, स्विच, एमसीबी, एलईडी हे सगळं १८ टक्क्यांत बसतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. समजा एक वस्तू तुम्ही काउंटरवर ११८ रुपयांना विकता. रेग्युलर नोंदणी घेतली म्हणून तुम्ही ती १३९ ला विकू शकणार नाही, कारण शेजारचा दुकानदार ११८ लाच देतोय. म्हणजे त्याच ११८ मधले १८ सरकारचे आणि १०० तुमचे. ती वस्तू तुम्ही ८४ अधिक १५.१२ कर, म्हणजे ९९.१२ ला आणली असेल, तर १८ मधून १५.१२ वजा करून सरकारला २.८८ भरायचे. तुमच्याकडे १६ रुपये राहिले. कंपोझिशनमध्ये पूर्ण ११८ तुमची विक्री, त्यावर एक टक्का म्हणजे १.१८ खिशातून भरायचे, खरेदीचे ९९.१२ पूर्ण गेले, हातात राहिले १७.७०. तेव्हा खरी तुलना १.१८ विरुद्ध २.८८ अशी आहे. फरक आहे, पण एक आणि अठराचा नाही.

यावरून एक उपयोगी आकडा निघतो. रेग्युलरमध्ये कर तुमच्या मार्जिनवर बसतो, कंपोझिशनमध्ये पूर्ण विक्रीवर. १८ टक्क्यांच्या मालात, कर वगळून धरलेल्या विक्री किमतीवर तुमचं मार्जिन साधारण साडेसहा टक्क्यांच्या वर असेल तरच कंपोझिशनचा कर कमी पडतो. स्विच-सॉकेटमध्ये तेवढं आरामात सुटतं. वायरच्या बंडलवर, तेही घासाघीस करून दिलेल्या, कित्येकदा सुटत नाही. तुमच्या विक्रीत बंडलच जास्त जात असतील तर एक टक्क्याची मोहिनी इथेच उतरेल.

(५ टक्क्यांच्या मालात हाच आकडा २१ टक्क्यांवर जातो. पॅकबंद फरसाण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. माझ्याकडे ते विकणारा एक दुकानदार आहे, त्याचं मार्जिन १५ टक्क्यांच्या आसपास. कर वगळून १०० रुपयांच्या विक्रीवर रेग्युलरमध्ये त्याला पूर्वी १.८० भरावे लागले असते, आता ७५ पैसे. कंपोझिशनमध्ये मात्र आजही १.०५ जातात. दर उतरले आणि कंपोझिशन त्याच्यासाठी महाग झालं. हे उत्तर दुसरा माल विकणारं कुणी वाचत असेल तर आपला दर बघून हिशेब नव्याने करा.)

आता तुमचं पूर्ण वर्ष धरू. पुढच्या वर्षी काउंटरवर ५९ लाख जमा होतील असं मानतो, म्हणजे कर वगळून ५० लाख. १६ टक्के सरासरी मार्जिनने खरेदी ४२ लाख आणि त्यावर ७.५६ लाख कर. सगळं गिऱ्हाईक घरगुती असेल तर रेग्युलरमध्ये तुम्हाला ८ लाख सुटतात आणि कंपोझिशनमध्ये ८.८५ लाख. वर्षाला ८५ हजारांचा फायदा कंपोझिशनच्या बाजूने. तुमच्या सीएंनी बहुधा हाच हिशेब केला असणार.

या ८५ हजारांना दोन ठिकाणी गळती लागते. पहिली गाळ्याच्या भाड्यात. गाळामालकाकडे जीएसटी नंबर असेल आणि भाडं २५ हजार असेल, तर तो त्यावर दरमहा ४,५०० लावणार. रेग्युलरमध्ये ते क्रेडिट म्हणून परत मिळतात, कंपोझिशनमध्ये बुडतात. वर्षाचे ५४ हजार. ८५ मधले ५४ गेले, उरले ३१. मालकाकडे नंबर नसेल तर चित्र उलटं होतं. रेग्युलर दुकानदाराला अशा भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जमध्ये स्वतः रोखीने भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी गुंततात. कंपोझिशनवाल्याची या भाड्याच्या रिव्हर्स चार्जमधून १६ जानेवारी २०२५ पासून सुटका झाली आहे. म्हणून गाळामालकाला जीएसटी नंबर आहे का, हे विचारल्याशिवाय मी आता कुणालाच उत्तर देत नाही.

दुसरी गळती मोठी, ती रबाळ्याची. कंपन्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट घ्यायचं असतं. रेग्युलर दुकानदाराने ११८ चं बिल दिलं तर त्यांना माल १०० ला पडतो. कंपोझिशनमध्ये तुम्ही कर लावूच शकत नाही, तुम्ही द्यायचं ते ‘बिल ऑफ सप्लाय’. त्यावर त्यांना एक पैसा क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तुमच्याकडून त्यांना माल ११८ ला पडतो. हिशेब जुळवायला तुम्ही १०० ला द्यायचं म्हटलं, तर ९९.१२ ला आणलेल्या वस्तूवर एक रुपया कर भरून तुम्हीच तोट्यात. कंपनीचा परचेसवाला कितीही ओळखीचा असला तरी हे गिऱ्हाईक कंपोझिशनमध्ये टिकत नाही.

समजा १५ टक्के विक्री अशी आहे आणि ती पूर्ण गेली. कंपोझिशनमध्ये वर्षाला ७.५२ लाख सुटतील, भाड्यावर जीएसटी असेल तर ६.९८ लाख. रेग्युलरमध्ये मात्र ८ लाख. माझ्या या गृहीतांवर सीमारेषा अशी येते: भाड्यावर जीएसटी नसेल तर क्रेडिट घेणारं गिऱ्हाईक दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की दोन्ही पर्याय सारखे होतात. भाड्यावर जीएसटी असेल तर अवघ्या साडेतीन टक्क्यांवरच सारखे होतात. तुमचं मार्जिन आणि भाडं वेगळं असेल तर ही रेषा सरकेल, पण रीत हीच.

यात एक गोष्ट नीट पारखून घ्या. ‘जीएसटी बिल द्या’ म्हणणारा प्रत्येक जण क्रेडिट घेणारा नसतो. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना बहुतेक वेळा ऑडिटरसाठी छापील, नंबर असलेलं पक्कं बिल हवं असतं. डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्याच्या खर्चात दाखवायला बिल हवं असतं, वैद्यकीय सेवेवर करच नसल्यामुळे क्रेडिटचा त्यांना उपयोग नाही. दुसरा कंपोझिशनवाला छोटा कंत्राटदारही क्रेडिट घेऊ शकत नाही. या सगळ्यांना कंपोझिशनचं बिल चालतं. एकच प्रश्न विचारायचा: ‘तुमचा जीएसटी नंबर बिलावर टाकायचा आहे का?’ जो ताबडतोब नंबर पाठवतो तो बहुतेक करून क्रेडिटवाला. गेल्या तीन महिन्यांची वही काढा, अशा नावांपुढे खूण करा आणि त्यांची बेरीज एकूण विक्रीच्या किती टक्के येते ते बघा. याला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.

एक शंका मात्र राहते. आज नंबर नसल्यामुळे कंपन्या तुमच्याकडून अडीनडीलाच माल नेत असतील, बल्ब गेला, एमसीबी उडाला एवढ्यापुरतं. त्यामुळे वहीतला टक्का खऱ्या मागणीपेक्षा कमी दिसेल. त्या दोन-तीन ठिकाणी जाऊन विचारा की नंबर आला तर महिन्याचा माल माझ्याकडून घ्याल का, आणि पैसे किती दिवसांनी द्याल? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण रेग्युलरमध्ये कर बिल केल्यावर लागतो, पैसे आल्यावर नाही. नव्वद दिवसांच्या उधारीवर दिलेल्या मालाचा कर तुम्ही आधीच भरून बसलेले असता.

रेग्युलरची दगदग लोक फुगवून सांगतात. पाच कोटींच्या आतल्या दुकानदाराला तिमाही रिटर्नची सोय आहे. GSTR-1 तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत, GSTR-3B महाराष्ट्रात २२ पर्यंत आणि मधल्या दोन महिन्यांचा कर PMT-06 चलनाने पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. पण कंपन्यांची बिलं तिमाही संपेपर्यंत अडवून ठेवू नका, ती दरमहा १३ तारखेच्या आत IFF या जीएसटी पोर्टलवरच्या सोयीत टाका. तिथे बिल दिसलं नाही तर कंपनीचा अकाउंट्सवाला तुमचं पेमेंट रोखून धरतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

खरी दगदग दुसरीकडे आहे. तुमचं क्रेडिट तुमच्या पुरवठादाराच्या हातात असतं. त्याने त्याच्या GSTR-1 मध्ये तुमचं बिल दाखवलं, तरच ते तुमच्या GSTR-2B मध्ये येतं आणि तेव्हाच तुम्हाला क्रेडिट घेता येतं. माझ्याकडच्या एका दुकानदाराने वर्षभर एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतला, पैसे वेळेवर दिले, बिलं फाईलमध्ये होती. व्यापाऱ्याने दोन तिमाही रिटर्नच भरलं नव्हतं. करापोटी व्यापाऱ्याला एकदा दिलेले पैसे त्याला सरकारकडे पुन्हा भरावे लागले आणि व्यापाऱ्याकडून वसूल करताना संबंध बिघडले ते वेगळंच. रेग्युलर घेतलंत तर दर तिमाहीनंतरच्या १४ तारखेनंतर 2B उघडून लोहार चाळीची बिलं ताडून बघायची सवय लावा. हे करणारं माणूस दुकानात नसेल तर कंपोझिशनच्या पारड्यात आणखी थोडं वजन टाका.

कंपोझिशनचं काम खरंच कमी आहे. दर तिमाहीनंतरच्या १८ तारखेपर्यंत CMP-08 ने कर भरायचा आणि वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत GSTR-4. खरेदी परराज्यातून केली तरी चालते, विक्री मात्र महाराष्ट्राबाहेर करता येत नाही. एखाद्या कंत्राटदाराने ‘वापीच्या साइटवर पाठव’ म्हटलं तर ते बिल तुम्ही करायचं नाही. फिटिंगच्या मजुरीचं म्हणाल तर कंपोझिशनमध्ये आदल्या वर्षाच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यातलं जे जास्त असेल तेवढ्या सेवेला मुभा आहे. तुमच्यासाठी ती पुरेशी आहे. मालवाहतूक एजन्सीने बिल्टी बनवून माल पाठवला तर तिच्या भाड्यावरचा रिव्हर्स चार्ज मात्र कंपोझिशनवाल्यालाही लागू शकतो. टेम्पोवाल्याने बिल्टी न करता आणून टाकला तर तो प्रश्न येत नाही.

इथे होणारी सर्वात महागडी चूक बिलाच्या छपाईची. माझ्या एका ग्राहकाने कंपोझिशन घेतलं, पण बिलिंग सॉफ्टवेअरची जुनी सेटिंग तशीच राहिली. सहा महिने प्रत्येक बिलाखाली नऊ-नऊ टक्के छापून येत होतं आणि त्याचा काउंटरवरचा मुलगा तेवढे पैसे घेतही होता. कर म्हणून घेतलेला पैसा सरकारला द्यावाच लागतो, त्याच्यावरचं व्याज आणि दंडाची नोटीस मागोमाग आली. कंपोझिशन घ्याल त्या दिवशी पहिलं बिल स्वतः छापून बघा. वर ‘composition taxable person, not eligible to collect tax on supplies’ ही ओळ हवी आणि खाली कराचा रकाना नको. दुकानाच्या पाटीवरही ‘composition taxable person’ लिहायचं आहे.

शिल्लक मालाचंही बघा. नोंदणीच्या आदल्या दिवशी दुकानात कर वगळून ६ लाखांचा माल असेल, तर त्यात तुम्ही १.०८ लाख कर दिलेला आहे. रेग्युलर घेतलंत आणि मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज केलात, तर या मालाचं क्रेडिट ITC-01 भरून मिळतं. नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा, आणि बिल एक वर्षाहून जुनं नको. कच्च्या बिलावर आणलेल्या मालाचं काही मिळणार नाही. म्हणजे ४० लाखांची रेघ कधी ओलांडली जाते त्यावर आतापासून नजर ठेवा. तारीख चुकली तर हे लाखभर रुपये हातचे जातील.

आता माझं मत. खुणा केलेली बेरीज दहा टक्क्यांच्या वर गेली, किंवा भाड्यावर जीएसटी लागत असून ती चार-पाच टक्के असली, तर शेठचं ऐका आणि रेग्युलर घ्या. त्याहून कमी आली आणि कंपन्यांकडून ठोस उत्तर मिळालं नाही, तर सीएंचं ऐका. दोलायमान स्थिती असेल तर मी कंपोझिशनकडे झुकेन आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. कंपोझिशनमधून वर्षाच्या मध्येही CMP-04 भरून बाहेर पडता येतं, त्या दिवशीच्या शिल्लक मालाचं क्रेडिटही ITC-01 ने मिळतं. उलट रेग्युलरमधून कंपोझिशनमध्ये जायचं तर ३१ मार्चपर्यंत CMP-02 भरून १ एप्रिलची वाट बघावी लागते आणि शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट ITC-03 ने परत करावं लागतं. तो पैसा माल विकला गेल्यावर सुटतो हे खरं, पण रंग बदललेल्या स्विचप्लेटा आणि बंद झालेल्या मॉडेलचे पंखे फळीवर पडून असतील तर त्यांच्यावरचा कर तुमच्याच डोक्यावर बसतो. त्यामुळे रबाळ्याहून महिन्याची पहिली मोठी ऑर्डर हातात आली की बाहेर पडायचं, अशी तयारी ठेवून कंपोझिशनमध्ये शिरणं सोपं आहे.

बिलात मजुरी लावता का, गाळामालकाला नंबर आहे का आणि वहीतली बेरीज किती आली, या तीन गोष्टी इथे लिहिल्यात तर तुमच्या खऱ्या आकड्यांवर पुन्हा हिशेब करून देतो.